कलप किती वेळ ठेवावा?

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, म्हाळुंगे आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. या भागातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा. वर दोरीला कलपाच्या पुड्या टांगलेल्या दिसतील. कोणी घरी लग्न आहे म्हणून पुडी नेतो, कोणी कारखान्याच्या फाटकावर कामासाठी उभे राहायचे आहे म्हणून नेतो. डोके पांढरे दिसले की ठेकेदार तरण्या पोराला आधी बोलावतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तेव्हा कलप लावणे ही नुसती हौस नाही. काहींच्या पोटापाण्याशी ती जोडलेली आहे. म्हणून तिची नीट माहिती असलेली बरी.

या कलपाबद्दल एक गोष्ट आम्ही वारंवार ऐकतो. डब्यावर अर्धा तास लिहिलेला असतो. घरातले कोणीतरी म्हणते, “अहो, अर्ध्या तासात काय होतंय? दोन तास राहू द्या. रंग चांगला पक्का चढेल आणि महिनाभर बघायला नको.” मग माणूस डोक्याला फडके गुंडाळून बसतो. कोणी तर तसाच झोपी जातो.

हे म्हणणे खरे आहे का? नाही. जास्त वेळ ठेवल्याने रंग पक्का होत नाही. उलट केस खराब होतात आणि कातडीला इजा होते. असे का होते, ते आपण नीट पाहू.

मेंदीचा नियम

ही समजूत आली कोठून? ती मेंदीवरून आली. मेंदीच्या पानात तांबूस रंगाचे एक द्रव्य असते. ते हळूहळू सुटते आणि हळूहळू कातडीत व केसात मुरते. लग्नघरी बायका रात्री हाताला मेंदी लावतात आणि सकाळी खरवडून काढतात. जितका वेळ मेंदी राहील, तितका रंग खुलतो. केसांनाही मेंदी दोन-तीन तास ठेवावी लागते. मेंदीच्या बाबतीत म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे बरोबरच आहे.

पण मेंदी कधी काळा रंग देते का? नाही. नुसती मेंदी पांढऱ्या केसाला नारिंगी किंवा तांबडा रंग देते. बाजारात “काळी मेंदी” म्हणून जी पुडी मिळते, ती केस अर्ध्या तासात काळेभोर करते. हे काम मेंदीच्या पानाचे नव्हे. त्या पुडीत बहुधा कलपाचेच रसायन मिसळलेले असते. त्या रसायनाचे नाव पॅराफिनिलिन डायअमिन. नाव मोठे आहे, म्हणून डॉक्टर लोक त्याला पी. पी. डी. म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

तेव्हा पुडीवर पानाचे चित्र असले, तरी पुडी उलटून मागची बारीक अक्षरे वाचावी. तिथे हे नाव असेल तर तो कलप आहे. त्याला मेंदीचा नियम लागू नाही.

कणगी घरात विणावी लागते

आता कलप काम कसे करतो ते पाहू. कौलारू घरावर जशी एकावर एक कौले असतात, तसे केसावर बारीक खवले असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. या खवल्यांच्या आत केसाचा गाभा असतो. केसाचा मूळ काळा रंग त्या गाभ्यातच असतो. वय झाले की नव्या केसात तो रंग उतरत नाही आणि केस पांढरा उगवतो.

वरून काळे फासले तर ते पहिल्याच आंघोळीला निघून जाईल. रंग टिकायचा असेल तर तो खवल्यांच्या आत गेला पाहिजे. आत गेल्यावर बाहेर पडता कामा नये. ही दोन्ही कामे कशी साधतात?

तुम्ही धान्याची कणगी पाहिली असेल. मोठी कणगी दारातून आत नेता येत नाही. पण तिच्या काड्या एकेक करून सहज आत नेता येतात. काड्या आत नेल्या आणि कणगी घरातच विणली, तर ती मग दारातून बाहेर निघत नाही. कलपाचे काम अगदी असेच चालते.

पी. पी. डी. चे कण फार लहान असतात. त्या वेळी त्यांना रंगही फारसा नसतो. या झाल्या आपल्या काड्या. ट्यूबमधल्या कलपात बहुधा अमोनिया किंवा त्यासारखा क्षार असतो. त्याने केस फुगतो आणि खवले उघडतात. हे झाले दार. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. पाण्यात कालवायच्या पुडीत त्याच जातीचे कोरडे द्रव्य असते. त्यातून ऑक्सिजन सुटतो. हा ऑक्सिजन विणणारा. तो लहान कणांना एकमेकांशी जोडतो. जोडले गेले की कण मोठे होतात आणि काळे दिसू लागतात. केसाच्या आत ते असे मोठे झाले की तिथेच अडकतात. म्हणून साबणाने धुतले तरी रंग लगेच जात नाही.

आता मुख्य गोष्ट. कलप कालवल्याबरोबर ही विणकाम सुरू होते आणि ते केसाच्या आत चालते तसेच केसाच्या बाहेरही चालते. वाटीत राहिलेला कलप थोड्या वेळाने काळा होत जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. वाटीत आणि केसाच्या वरच्या बाजूला ज्या कणग्या विणल्या गेल्या, त्या आता मोठ्या झाल्या. त्या दारातून आत जाणार कशा?

अर्ध्या तासात, किंवा डब्यावर जी वेळ दिली असेल तेवढ्यात, बहुतेक काड्या विणून संपतात. ज्या आत जायच्या त्या गेलेल्या असतात. उरलेल्या बाहेर मोठ्या होऊन बसतात. त्यानंतर तुम्ही दोन तास बसा नाहीतर रात्रभर झोपा, नवा रंग आत जाण्याजोगा फारसा उरतच नाही. गवंडी कालवलेला सिमेंट वेळेत लावून मोकळा होतो. घमेल्यात तो आवळला की मग कितीही थापा, विटेला धरत नाही. कलपही तसाच आवळतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. घाई करून दहा मिनिटांत डोके धुतले तर कणगी अर्धवट राहते. रंग कच्चा राहतो आणि लवकर धुऊन जातो. म्हणून डब्यावरची वेळ ही दोन्हीकडून मोजलेली असते. कमीही नको आणि जास्तही नको.

अडीच तासांची गोष्ट

चाकणकडच्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांचे नाव येथे देत नाही. वय बावन्नच्या आसपास. कारखान्यातले काम सुटले होते आणि सोमवारी दुसरीकडे पहाऱ्याच्या कामासाठी जायचे होते. शनिवारी रात्री आठ वाजता त्यांनी स्टीलच्या वाटीत कलपाची पुडी कालवली आणि सगळ्या डोक्याला लावली. पुडीवर तीस मिनिटे लिहिली होती. त्यांनी जेवण केले, टीव्ही पाहिला आणि साडेदहा वाजता डोके धुतले.

रविवारी सकाळी केस काळे कुळकुळीत दिसत होते. पण कपाळावर आणि कानांवर काळी रेघ उमटली होती. साबणाने घासली तरी जाईना. केसही बुटाच्या पॉलिशसारखे एकसारखे काळे आणि हाताला खरखरीत लागत होते. संध्याकाळी डोक्याला खाज सुटली. त्यांना वाटले, घामाने असेल. सोमवारी सकाळी उठून पाहतात तो पापण्या सुजलेल्या, डोळे अर्धे मिटलेले आणि कानामागून पाणी झिरपत होते. कामाला जाणे राहिलेच. उलट दवाखान्यात जावे लागले. पाच दिवस घरात बसून काढले.

यात काय काय घडले, ते एकेक करून पाहू.

कपाळावरची रेघ सोपी आहे. केसात शिरायला रंग उरला नाही, पण कातडीवर मात्र तो बसून राहिला आणि तिथे मुरला. केसांना फायदा नाही आणि कपाळाला डाग, असा हा व्यवहार झाला.

केस खरखरीत का झाले? कलपातला क्षार केसाचे खवले उघडतो, हे आपण पाहिले. काम झाल्यावर केस धुतला की ते पुन्हा बरेचसे बसतात. अडीच तास ते उघडेच राहिले तर कौले विस्कटलेल्या छपरासारखी केसाची गत होते. शिवाय पेरॉक्साइड केसाच्या गाभ्याला खात राहते. असा केस विंचरताना अडकतो आणि तुटतो. विस्कटलेल्या छपरातून रंगही लवकर बाहेर गळतो. म्हणजे पक्का करायला गेले आणि तोच कच्चा झाला.

आणखी एक गोष्ट आहे. पेरॉक्साइड हे केसाचा मूळचा काळा रंगही फिका करते. डोक्यावर जे केस अजून आपोआप काळे होते, तेही आतून तांबूस होतात. नवा कलप आहे तोवर ते कळत नाही. कलप उतरू लागला की उन्हात केस तांबडे दिसतात. या गृहस्थांचे तीन आठवड्यांनी तसेच झाले.

आणि तीन आठवड्यांनी मुळाशी पांढरी रेघही दिसू लागली. ती तर दिसणारच. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. नवा केस कातडीच्या आतून पांढराच येतो. त्याला कलप लागलेलाच नसतो. बाहेरचा केस कितीही वेळ रंगवला, तरी न उगवलेल्या केसाला रंग लागणार कसा? म्हणून “जास्त वेळ ठेवला म्हणजे महिनाभर बघायला नको” हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का येते?

आता सूज कशाने आली ते पाहू. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

पी. पी. डी. काही माणसांच्या अंगाला मानवत नाही. त्यांचे शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढू लागते. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. ही लढाई लगेच दिसत नाही. कलप डोक्यावर असताना काहीच होत नाही. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस गेल्यावर खाज, लाली, सूज आणि पाणी झिरपणे सुरू होते. पापण्यांची कातडी पातळ असते. म्हणून लावला डोक्याला तरी डोळे आधी सुजतात.

येथेच पुष्कळ लोक फसतात. ते म्हणतात, “आग होत नाही, मग राहू द्या की अजून तासभर!” पण आग होत नाही याचा अर्थ कलप मानवला असा होत नाही. तो जितका जास्त वेळ कातडीवर राहील, तितके ते द्रव्य आत शिरायला सवड मिळते. आणि खाज सुटेल तेव्हा कलप धुऊन दोन दिवस झालेले असतात.

दुसरी फसगत अशी की, “मी दहा वर्षे हाच कलप लावतोय, मला काही होत नाही.” ॲलर्जी दहा वर्षांनीही येऊ शकते. एकदा आली की बहुधा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थोडा कलप लागला तरी त्रास जास्त होतो. लग्नात हातावर काळी मेंदी काढून ज्याच्या हाताला फोड आले असतील, त्याने कलप डोक्याला लावूच नये.

सरकारलाही हा धोका ठाऊक आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या १९४५ सालच्या नियमांतच कलपाच्या डब्यावर इशारा छापण्याची सक्ती घातलेली होती. इशारा असा की, या कलपाने काहींच्या कातडीला त्रास होतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी. आणि भुवयांना किंवा पापण्यांना तो लावू नये, त्याने दृष्टी जाऊ शकते. वाचता येऊ लागल्यावर जी अक्षरे आधी वाचावीत, त्यांत ही अक्षरे धरावी. ती बारीक छापलेली असतात, पण आपल्यासाठीच छापलेली असतात.

मग रंग चांगला कसा बसेल?

रंग फिका बसतो त्याची कारणे बहुधा वेळेत नसतात, लावण्याच्या रीतीत असतात. ती रीत आता सांगतो.

दोन दिवस आधी चाचणी घ्यावी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा साबणाने धुवावी. तिथे कालवलेला कलप थेंबभर लावून वाळू द्यावा. पुडीवर सांगितले असेल त्याप्रमाणे ती जागा धुवावी आणि दोन दिवस तिच्याकडे लक्ष ठेवावे. लाली, खाज किंवा पुरळ आले तर ती पुडी कोणालाही न देता टाकून द्यावी. चाचणी दर खेपेला घ्यावी, एकदाच घेऊन भागत नाही. डोक्याला जखम, खरूज किंवा फोड असतील तर कलप लावू नये.

केसांना तेल असेल तर कलप नीट धरत नाही. म्हणून केस स्वच्छ आणि कोरडे असावेत. कलप काचेच्या, चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत कालवावा. धातूच्या भांड्यात पेरॉक्साइडचा जोर कमी होण्याचा संभव असतो. वर सांगितलेल्या गृहस्थांची ही दुसरी चूक होती. पाणी किंवा दुसरी बाटली पुडीवर लिहिलेल्या मापानेच घालावी. पुरवठ्याला यावा म्हणून पातळ केला की रंग फिकाच बसणार. कालवल्याबरोबर लावायला घ्यावे. उरलेला कलप पुढच्या रविवारसाठी ठेवू नये, कारण तो वाटीतच विणून संपलेला असतो.

कानशिलाजवळचे पांढरे केस हट्टी असतात. त्यांना रंग उशिरा धरतो. म्हणून कलप तिथून लावायला सुरुवात करावी. केसांच्या पातळ बटा करून मुळाशी भरपूर लावावा. पूर्वी रंगवलेल्या टोकांना दर वेळी पुन्हा लावू नये. टोके आधीच झिजलेली असतात. ती रंग जास्त पितात आणि काळी मिट्ट दिसतात. हातात मोजे घालावेत. कपाळाला आणि कानांच्या कडेला थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे, म्हणजे डाग पडत नाही.

नंतर घड्याळात पाहून वेळ धरावी. काही डब्यांवर “पांढरे केस जास्त असल्यास दहा मिनिटे अधिक” असे लिहिलेले असते. ते लिहिले असेल तर तेवढे अधिक ठेवावे, त्यापुढे नाही. उन्हात बसू नये. वेळ झाली की पाणी स्वच्छ येईपर्यंत डोके धुवावे. एवढे करूनही रंग फिका वाटला तर पुढच्या खेपेला एक पायरी गडद रंगाची पुडी घ्यावी. गडदपणा पुडीत असतो, घड्याळात नसतो.

चुकून जास्त वेळ राहिला तर

कोणी कलप लावून झोपी गेला तर काय करावे? ताबडतोब भरपूर पाण्याने आणि सौम्य साबणाने डोके धुवावे. वाळलेला कलप नखाने खरवडू नये, पाण्याने भिजवून काढावा. डाग घालवण्यासाठी लिंबू, चुना, राख किंवा रॉकेल चोळू नये. आधीच दुखावलेल्या कातडीला त्याने जखम होते. कपाळावरचा डाग चार-आठ दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघून जातो.

डोळ्यात कलप गेला तर पंधरा मिनिटे सतत पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. पुढचे तीन दिवस डोक्याकडे, कानांमागे आणि पापण्यांकडे लक्ष ठेवावे. नुसती खाज असली तरी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. चेहरा सुजू लागला, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा धाप लागली, तर मात्र वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा जवळचे इस्पितळ गाठावे. पिंपरीला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. जाताना कलपाची रिकामी पुडी खिशात घालून न्यावी. त्यात कोणते द्रव्य होते, ते डॉक्टरांना पुडी वाचून लगेच कळते. म्हणून डोके धुऊन तीन दिवस होईपर्यंत ती पुडी फेकू नये.